झुलाल पेंटरची तिसरी स्लाइड

धामणखेड्यात एखादी गोष्ट खरी की खोटी हे ठरवायची सोपी रीत होती. झुलाल पेंटरने भिंतीवर लिहिली असेल तर खरी. तीस वर्षं तापीकाठच्या दहा-बारा गावांच्या भिंतींवर सरकार जे काही बोललं, ते झुलालच्या हातून बोललं. पोलिओचे दोन थेंब त्याचे, हात धुवा त्याचं, मुलगी वाचवा त्याचं, शौचालयाचा पत्र्याचा दरवाजा काढलेलं ते चित्रही त्याचंच. त्या दरवाज्याची कडी त्याने बाहेरून काढली होती. आत बसलेल्या माणसाचं काय, असं कोणी विचारलं नाही. पेंटरने काढलंय म्हणजे कडी बाहेरूनच असणार.

मग फ्लेक्स आला आणि भिंती गप्प झाल्या. झुलाल पन्नाशीला टेकला होता. त्या वयात माणसं गुडघ्याला तेल लावतात, याने तालुक्याच्या बसस्टँडमागे गाळा घेतला, जुना कॉम्प्युटर आणला आणि त्यावर चित्रं-अक्षरं जुळवायचं कोरल हे सॉफ्टवेअर शिकला. माउस हातात धरताना सुरुवातीला तो करंगळी टेकवायचा, ब्रश धरताना भिंतीला टेकवायची सवय म्हणून. ‘झुलाल आर्ट’मध्ये लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बोर्ड, दशक्रियेचे कार्ड, सगळं व्हायचं. एका बोर्डावर सत्तावीस डोकी गोल गोल कापून बसवायचं कसब तालुक्यात फक्त त्याच्याकडे होतं. कोणाचं डोकं कोणापेक्षा मोठं ठेवायचं, याचं राजकारण त्याला आमदारापेक्षा जास्त कळायचं.

अशा माणसाकडे एप्रिलच्या उन्हात विधी आली.

विधी जळगावची. आजोबा सुरेशचंद यांचं कापडाचं दुकान, घरचे सगळे गल्ल्यावर, आणि ही मात्र नदीकाठच्या गावांत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत. पाठीवर लॅपटॉप, डोक्याला स्कार्फ, हातात ताकाची बाटली.

“काका, पुराच्या तयारीवर एक कॅरोसेल करायचंय.”

“म्हणजे पाळणा?”

“नाही हो काका. इन्स्टाग्रामवर एकाच पोस्टमध्ये आठ-दहा चित्रं टाकता येतात. माणूस बोटाने सरकवत सरकवत एकेक बघत जातो. प्रत्येक चित्र म्हणजे एक स्लाइड. आपण घरातली आपत्कालीन पिशवी दाखवणार. एका स्लाइडवर एकाच गटाच्या वस्तू.”

तिने यादी पुढे केली. पहिली स्लाइड मुखपृष्ठ. दुसरीवर पाणी आणि न शिजवता खाता येईल असं अन्न, तीन दिवस पुरेल इतकं. तिसरीवर औषधं आणि प्रथमोपचार. चौथीवर कागदपत्रं आणि थोडे सुटे पैसे. पाचवीवर उजेड आणि संपर्क. सहावीवर कपडे, साबण, सॅनिटरी पॅड. सातवीवर लहान मुलं, म्हातारी माणसं आणि अपंगांच्या गरजेच्या वस्तू. आठवीवर फोन नंबर.

झुलालने यादी वाचली आणि चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तापीचं पाणी धामणखेड्यात शिरलं होतं. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याचा भोंगा वाजला, सगळे टेकडीवरच्या शाळेत पळाले. झुलालनेही धीटपणे घर आवरलं. टीव्ही माळ्यावर चढवला. सातबाऱ्याची पिशवी छातीशी धरली. ब्रशांचा डबा काखेत मारला, कारण त्यातले चार ब्रश खारीच्या केसांचे होते. फक्त फ्रिजमधली इन्सुलिनची बाटली राहिली. रूपाची, म्हणजे त्याच्या बायकोची. तिला दिवसातून दोन वेळा लागायची. दीड दिवस रस्ता बंद होता. दुसऱ्या दिवशी दुपारी रूपा शाळेच्या ओट्यावर ओकून ओकून आडवी झाली, मग हाकेला ओ देईना. बोट आली, पलीकडे अँब्युलन्स मिळाली, म्हणून ती वाचली. झुलाल त्या बोटीत काखेत ब्रशांचा डबा धरून बसला होता. तेव्हापासून रूपाला तो एक शब्द उलट बोलू शकत नव्हता आणि ती त्याला रोज ऐकवत होती: “बायको बुडनी तरी चाली, पन ब्रश वला नको होवाले.”

म्हणून ही यादी त्याच्यासाठी वाढदिवसाच्या बोर्डासारखी नव्हती. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याच्या मनात होतं.

“पैसे राहू दे,” तो विधीला म्हणाला. “करतो मी.”

त्याने पहिला नमुना विधीला दाखवला. मुखपृष्ठावर वर जिल्ह्याचे सहा अधिकारी गोलात, खाली सरपंचापासून ग्रामसेवकापर्यंत नऊ जण, कडेला झेंडूची माळ, आणि मधे उरलेल्या जागेत बोटभर अक्षरात ‘पुराची तयारी’.

“काका, हे लोक कशाला?”

“नाराज होतील.”

“पूर येईल तेव्हा कोणाचा फोटो पिशवीत भरणार आहे का कोणी?”

झुलालने एकेक डोकं उडवलं. शेवटी झेंडूची माळ राहिली. ती काढताना त्याचा हात थोडा अडला, पण काढली. मग त्याला त्याचा जुना धर्म आठवला. भिंतीचा धर्म. भिंतीसमोरून बैलगाडी जाते, सायकल जाते. वाचणाऱ्याला थांबायला सवड नसते. म्हणून एका भिंतीवर एकच गोष्ट, आणि तीही गाडीवरच्या माणसाला वाचता येईल एवढी. मोबाइलवरचं बोट काय आणि बैलगाडी काय, दोघंही थांबत नाहीत. मग गाडी रुळावर आली. दुसऱ्या स्लाइडवर त्याने पाण्याचा कॅन काढला आणि लिहिलं: ‘माणशी रोज तीन ते चार लिटर.’ शेजारी शेंगदाणे, गूळ, मुरमुरे, फुटाणे.

“खाकरा टाका,” विधी म्हणाली. “महिनाभर टिकतो.”

“आमच्याकडे पूर आल्यावर कोणी खाकरा खाणार नाही.”

“पूर आल्यावर जैन माणसं उपाशी राहू देत का?”

खाकरा आला. पाचव्या स्लाइडवर टॉर्च, जास्तीचे सेल, पॉवर बँक, शिट्टी, आणि कागदावर लिहून ठेवलेले नंबर. मोबाइल बंद पडला की त्यातले नंबरही बंद पडतात म्हणून. चौथ्या स्लाइडवर प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा. आठवीवर ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, इतके मोठे की आंधळ्यालाही टोचावेत.

तिसऱ्या स्लाइडवर मात्र तो तीन दिवस बसला. विधीच्या मजकुरात एवढंच होतं: नेहमीची औषधं सात दिवसांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, पट्टी, कापूस, जंतुनाशक, ओआरएस. झुलालने उघडी पिशवी काढली. त्यात गोळ्यांची पाकिटं, कापसाचा गुंडा. आणि अगदी वर, सगळ्यांच्या नजरेत भरेल अशी, निळ्या बुचाची इन्सुलिनची बाटली आणि दोन सिरिंज. बाटलीवरची चकाकी त्याने इतकी जीव ओतून काढली की विधी म्हणाली, “काका, ही तर बक्षीस मिळेल अशी आहे.” डॉक्टरांना मजकूर दाखवला होता. चित्र कोणी कोणाला दाखवलं नाही. चित्राला काय विचारायचं, असं दोघांनाही वाटलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात पोस्ट गेली. दोनशे बारा लाइक आले. झुलालला लाइक म्हणजे काय ते नीट कळलं नव्हतं, पण रोज सकाळी चहाआधी तो आकडा बघायचा. इन्स्टाग्राम वापरणारे धामणखेड्यात थोडे. बाकी गाव व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथे पोस्ट पोहोचली ती सुट्या फोटोंच्या रूपात. कोणाला आठही मिळाले, कोणाला तीन, कोणाला फक्त खाकरा. तरी गावात पिशव्या तयार व्हायला लागल्या. बायका एकमेकींकडे पिशवी बघायला जायच्या, रुखवत बघायला जावं तशा. “तुनी शिट्टी भारी शे वं,” अशी वाक्यं ओट्यावर ऐकू यायला लागली. झुलाल गल्लीतून चालायचा तेव्हा त्याची मान भिंतीवर लिहायच्या दिवसांसारखी ताठ असायची.

तेवीस मे. पारा चव्वेचाळीस. रूपाने फ्रिज उघडला आणि तशीच उभी राहिली.

“नानानी बाटली कोठे गई?”

पुना नाना म्हणजे समोरच्या घरातला पुना पाटील. सत्तरीचा, एकटा, झुलालच्या बापाच्या वेळचा. त्यालाही इन्सुलिन लागायचं, आणि त्याच्या घरी फ्रिज नव्हता. म्हणून त्याची बाटली रूपाच्या फ्रिजच्या दारात असायची, रूपाच्या बाटलीला खेटून. सकाळ-संध्याकाळ नाना यायचा, खुर्चीवर बसायचा, पोटाला टोचून घ्यायचा, आणि जाताना चहा कसा पाणीदार आहे ते सांगून जायचा. आणि आज, रूपाच्या लक्षात आलं, दोन दिवस झाले तरी तो आला नव्हता.

नाना शेतात होता. झुलाल उन्हात तिथवर गेला.

“नाना, बाटली कोठे शे?”

“मनी पिशवी बठ्ठी तयार शे,” नाना खुशीत म्हणाला. “तुना फोटो दखीसन भरी ठेवी. पानी उनं का उचली, निंघी. रोज घरमाच टोची लेस आते, तुन्ही बायकोले तरास नको.”

“पन बाटली पिशवीमा?”

“मंग? चित्र तुनंच शे ना! पिशवीमा बाटली दखाडेल शे. मी काय येडा शे?”

झुलालने त्याचा दंड धरला. “चाल, पिशवी दखाड.”

पिशवी दाखवणं सोपं नव्हतं. तिच्यात आधारकार्ड होतं, पासबुक होतं, म्हणजे ती मोलाची वस्तू. मोलाची वस्तू खान्देशात कुठे ठेवतात? पेटीत. पत्र्याच्या पेटीला कुलूप. कुलपाची किल्ली करदोड्याला. करदोडा नानाच्या कमरेला. आणि नाना दिवसभर शेतात. उद्या पूर आलाच असता, तर पिशवी पूर्ण तयारीनिशी पेटीत बुडाली असती, एकही कागद ओला न होता कदाचित, पण बुडालीच असती.

नानाने धोतर सैल करून किल्ली काढली, पेटी उघडली, वरच्या दोन गोधड्या बाजूला केल्या. पत्र्याच्या छपराखाली तापलेल्या त्या पेटीत पिशवी होती. बाटली हातात घेतली तर चहाच्या कपासारखी गरम.

“दखाले ते बरी शे,” नाना म्हणाला.

दिसायला बरी होतीच. इन्सुलिन खराब झालं की ते नासलेल्या दुधासारखं आपणहून सांगत नाही. आरोग्य उपकेंद्रातल्या लताबाई सिस्टरांनी नानाचं बोट टोचलं, साखर बघितली आणि डोळे मोठे केले. तीनशे चाळीस. “टाकून द्या ही बाटली. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या खणात नाही. चालू असलेली साध्या गारव्यात चालते, पण ह्या उन्हात तुमच्या घरात गारवा आहे कुठे? पिशवीत ठेवायला कोणी सांगितलं?”

नानाने झुलालकडे बघितलं. म्हातारा चांगला माणूस. “मीच येडा,” एवढंच म्हणाला.

संध्याकाळी रूपाने गॅस पेटवला आणि नवऱ्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली. ती ओरडली नाही, हेच वाईट होतं.

“मी पिशवीमा काय ठेवेल शे, तुमीन दखं का?”

“काय?”

“सिरिंजा. कापूस. चिठ्ठी. बाटली फ्रिजमा शे. पिशवीमा ठेवी ते खराब व्हस, फ्रिजमा ठेवी ते पळताना राही जास. माले हाई दोन वरीसपाइन माहीत शे. माले इचारतात ते सांगती ना.”

झुलालने तिला विचारलं नव्हतं. जिच्यासाठी ती बाटली काढली, जिच्यावाचून ती बाटली त्याला माहीतही नसती, तिला चित्र दाखवावं असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

त्याने विधीला फोन लावला.

“काका, टाकलेल्या पोस्टमधलं चित्र बदलता येत नाही. एखादी स्लाइड काढून टाकता येते, पण तिच्या जागी नवीन नाही घालता येत. सगळी पोस्ट काढून नव्याने टाकावी लागेल.”

“मग काढ.”

“दोनशे बारा लाइक आहेत. संस्थेतले सर म्हणतील...”

“विधी, भिंतीवर चुकलं की मी चुना मारायचो. चुन्याला लाइक लागत नाहीत. काढ.”

तिने काढली. सरांना तिने काय सांगितलं ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेली जुनी तिसरी स्लाइड? ती कुणाच्या हातात नव्हती. कोणाच्या तरी मामाकडून कोणाच्या तरी साडूकडे, धुळ्याला, शिरपूरला, निळ्या बुचाची बाटली चकाकत फिरत राहिली. झुलालने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं चांगलं काम बघून देवाला हात जोडले की हे कोणी बघू नये.

नवी पोस्ट करताना तो रूपाला शेजारी बसवून घेई. नवी तिसरी स्लाइड दोन भागांत: ‘पिशवीत ठेवा’ आणि ‘पिशवीत ठेवू नका’. प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात ‘९ पैकी ३’ असा आकडा घातला, म्हणजे सुटा फोटो मिळालेल्याला कळावं की अजून आठ आहेत. आणि शेवटची, नववी स्लाइड अगदी नवीन. ‘निघताना उचला.’ मधोमध घराच्या दाराचं चित्र, आणि भोवती पिशवीत राहू न शकणाऱ्या वस्तू: फ्रिजमधलं इन्सुलिन, रोजच्या गोळ्या, डोळ्यांवरचा चष्मा, कानाचं यंत्र, चार्जिंगला लावलेला फोन. खाली: ‘गॅस बंद. मेन स्विच बंद. पिशवीला कुलूप लावू नका.’ इन्सुलिन नेण्यासाठी थर्मास. आत गार पाण्यात भिजवलेला रुमाल, बाटली प्लास्टिकमध्ये. बर्फ थेट लावायचा नाही. हे लताबाईंनी तपासून दिलं. चित्रासकट.

“पूर आला की फोन कोण बघतो?” रूपा म्हणाली.

म्हणून त्याने ब्रश काढले. नववी स्लाइड त्याने नदीकडच्या चाळीस घरांत हाताने लिहिली, दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या शेजारी. कडीला हात घालताना माणसाला दिसलंच पाहिजे, असा हिशोब. गेरूची दोरी मारून ओळी सरळ, अक्षर टपोरं. लोक चहा पाजायचे. आपण काही फार मोठं केलं असं त्याला आता वाटत नव्हतं, उलट प्रत्येक दारात तो विचारायचा, “घरात कोणाला सुई लागते का?” आणखी एक घर निघालं. त्या बाईची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात होती. ती रूपापेक्षाही हुशार होती.

सप्टेंबरच्या चौदा तारखेला, दुपारी दीड वाजता, तो तालुक्याला गाळ्यात एका आमदाराच्या डोक्याला कडा मारत होता, तेव्हा फोन वाजला. मेसेज होता: हतनूरमधून विसर्ग वाढवत आहेत, तापीकाठच्या गावांनी सावध राहावं. त्याने रूपाला लावला. लागला नाही. नानाला लावला. नानाचा फोन तर लागला तरी तो उचलत नसे. मोटरसायकल काढून तो निघाला आणि धामणखेड्याच्या अलीकडच्या नाल्यावर थांबला. नाल्यावरच्या बुटक्या फरशी पुलावरून कंबरभर पाणी जात होतं. तापीचं पाणी नाल्यात उलटं शिरलं होतं.

“पुढे नाही,” पोलीस म्हणाला.

“माझी बायको तिकडे आहे.”

“माझी सासू तिकडे आहे. तरी मी इकडेच उभा आहे ना?”

पलीकडे टेकडीवर शाळेचं कौलारू छप्पर दिसत होतं आणि छपराखाली माणसं, तांदळाएवढी. त्यात रूपा कोणती, ते काही कळेना. झुलाल परत तालुक्याला गेला, औषधाच्या दुकानातून रूपाची जुनी चिठ्ठी दाखवून बाटली घेतली, चहाच्या टपरीवरून थर्मास मागून आणला आणि पुन्हा नाल्यावर आला. आता त्याच्या हातात इन्सुलिन होतं आणि मध्ये पाणी होतं. रूपाची संध्याकाळची वेळ सातची. साडेचार झाले. पावणेपाच. पोलिसाने त्याला बिडी दिली, त्याने ती कानावर ठेवली. तो बिडी ओढतच नसे.

पाच वाजून दहा मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“लताबाईना फोन शे,” रूपाचा आवाज. “मना पानीमा पडना. जेवनात का तुमीन?”

“इन्सुलिन?”

“शाळामा शे. मना हातमा शे.”

झुलाल ओल्या रस्त्यावरच बसला. “दारवर लिखेल व्हतं, म्हनीसन आठवनं ना?”

पलीकडे थोडा वेळ गलका ऐकू आला. शिट्ट्या, मुलं, कोणीतरी भांडं आपटलं.

“दार?” रूपा म्हणाली. “दिवसना दार उघडं ऱ्हास. उघडं दार भितडाले चिकटेल ऱ्हास. तुमनं अक्षर भितडानीच वाचं.”

चाळीस घरं. चाळीस दारं. गावात दिवसा दार लावतं कोण? आणि उघडलेल्या दाराची आतली बाजू भिंतीकडे तोंड करून उभी असते, हे तीस वर्षं भिंती रंगवलेल्या माणसाला सुचू नये?

“मंग कसं आठवनं?”

“माले नही आठवनं. मी पिशवी लिधी, गॅस बंद करा, निंघी. तेवढामा नाना बोंबलत उना, ‘मनी बाटली! मनी बाटली!’ मेला, सोतानी बाटली लेवाले उना. त्याना नादमा मी मनी लिधी. दोन्ही थर्मासमा शेत.”

मागून नानाचा आवाज आला, “सांग त्याले, मीच वाचाडं म्हना!”

“तुमीन आयकं ना?” रूपा म्हणाली. “आते हाऊ मानूस जलमभर सांगई.”

रात्रभर झुलाल नाल्यालगतच्या मंदिरात बसला. सकाळी पाणी उतरलं, ट्रॅक्टर जायला लागला, तो ट्रॅक्टरवरून शाळेत पोहोचला तेव्हा ओट्यावर मोठं भांडण चाललं होतं. खिचडी आली होती, पण दहा मिनिटांत ताट येतं म्हणता म्हणता पाऊण तास झाला होता, आणि रूपा वाढणाऱ्याला बजावत होती की ताट हातात आल्याशिवाय मी सुई टोचणार नाही, टोचल्यावर उपाशी ठेवलंस तर चक्कर येऊन तुझ्याच अंगावर पडेन. वाढणारा हात जोडत होता. नाना तिच्या शेजारी ताट आपटून साथ देत होता. दोन वर्षांपूर्वी याच ओट्यावर ती पडली होती. झुलाल ट्रॅक्टरजवळ उभा राहून तिचं भांडण ऐकत राहिला. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, “हात धुवा आन बठा,” म्हणाली आणि पुन्हा वाढणाऱ्याकडे वळली.

घर चिखलाने भरलं होतं. गुडघाभर पाणी येऊन गेलं होतं. दाराच्या आतल्या बाजूला ‘निघताना उचला’ अगदी स्वच्छ होतं, कारण त्यावर कोणी नजरच टाकली नव्हती.

चिखल उपसून झाल्यावर, चार दिवसांनी, झुलालने रूपाला ओट्यावरून आत बोलावलं.

“एक काम कर. पूर उना शे असं समज, आन निंघ.”

“तुमले लागेल शे का डोकाले?”

“निंघ तर खरं.”

रूपाने कपाळावर हात मारला, पण निघाली. तिने पिशवी उचलली. शेगडीपाशी जाऊन गॅसचं बटण फिरवलं. देवाच्या कोनाड्यासमोर अर्धा क्षण हात जोडले. मग मीटरच्या पाटीकडे वळून टाचा उंचावल्या आणि मेन स्विच खाली ओढला. मग चपला. दाराकडे तिने बघितलंही नाही. दार कुठे असतं ते पायांना माहीत होतं.

“थांब,” झुलाल म्हणाला. “आते नानाना घर चाल.”

नानाही तसाच निघाला. फक्त देवाच्या आधी त्याने तंबाखूची पुडी उचलली. मेन स्विच मात्र त्यानेही ओढला. पुराच्या वेळी वीज बंद करायची हे गावाला कोणी लिहून न देताही ठाऊक होतं, कारण एकदा शेजारच्या गावात करंट लागून बैल मेला होता.

संध्याकाळी विधीचा फोन आला. पूर येऊन गेला म्हणून नवी पोस्ट करायची होती.

“नववी स्लाइड बदलायची,” झुलाल म्हणाला. “दाराचं चित्र जाईल. मेन स्विचचं टाक. त्याच्याखाली लिही: हात इथे आला की फ्रिजमध्ये बघा.”

“आणि मग सगळी पोस्ट पुन्हा काढून टाकायची? आता चारशे लाइक आहेत काका.”

“पुन्हा.”

“आणि चित्र?”

“चित्र उद्या पाठवतो. आज रूपाला दाखवायचंय. ती आधी चुका काढेल.”

मागून रूपा म्हणाली, “आन स्विच वर करा कोनी तरी. बठ्ठा अंधार करी ठेवेल शे.”

झुलालने स्विच वर केला आणि ब्रश पाण्यात बुडवला. खारीच्या केसांचा. मीटरच्या पाटीशेजारी त्याने मारलेला चुना वाळला होता; त्याने खडूने एक रेघ मारली, मागे सरकला, टाचा उंचावल्या, आणि रूपाच्या उंचीला डोळे कुठे येतील ते मोजून रेघ चार बोटं खाली आणली.